तीन उत्तरं, एक बाकी : शिकवणीच्या फीची वही कशी चालते

सुरगाण्यात आठवी ते दहावीच्या मुलांची शिकवणी घेणारा एखादा पदवीधर तरुण डोळ्यांसमोर आणा. महिन्याची फी 400 रुपये. शाळा जूनच्या मध्यावर उघडते, म्हणून जूनची फी निम्मी, 200. वर्गातल्या एका मुलीच्या घरून पैसे आले ते असे : 30 जूनला 200, 22 जुलैला 250, 29 ऑगस्टला 300, सप्टेंबरात काहीच नाही आणि 26 ऑक्टोबरला एकदम 500. ऑक्टोबर संपताना तिच्याकडे किती बाकी राहिली?

सरांनी वहीत नावांसमोर महिन्यांचे चौकोन आखले आहेत आणि पैसे आले की त्या महिन्यावर ते बरोबरची खूण करतात. या वहीत जून, जुलै, ऑगस्ट आणि ऑक्टोबरवर खूण आहे, सप्टेंबर तेवढा रिकामा. म्हणून सर म्हणतात, "400 बाकी." मुलीचे वडील म्हणतात, "सर, मागच्या खेपेला 500 दिले ना? त्यातले 100 सप्टेंबरचेच. म्हणजे 300 राहिले." दोघंही प्रामाणिकपणे बोलत आहेत आणि दोघांचाही आकडा चुकला आहे. खरी बाकी 550 आहे.

पाच महिन्यांत फी झाली 200 आणि चार वेळा 400, म्हणजे 1800. पैसे आले 200, 250, 300 आणि 500, म्हणजे 1250. वजाबाकी 550. गणित पाचवीतल्या मुलाला येईल असं आहे. तरीही दोन मोठी माणसं तिथे चुकतात, कारण त्यांच्यासमोर जी वही आहे तिच्यात ही वजाबाकी करायला लागणारे आकडेच नाहीत. जुलैत 150 कमी आले आणि ऑगस्टमध्ये 100 कमी आले, ही दोन्ही तथ्यं खुणेखाली गाडली गेली.

खूण नेमकं काय लपवते

एका चौकोनातल्या एका खुणेत आपण दोन वेगळ्या घटना कोंबतो. पहिली घटना अशी की महिना सुरू झाला आणि घरावर 400 रुपये लागू झाले. दुसरी अशी की अमुक तारखेला कोणीतरी अमुक रुपये हातात ठेवले. पहिली घटना दर महिन्याला, ठरल्या दिवशी, ठरल्या रकमेने घडते. दुसरी केव्हाही घडते आणि कितीही रकमेने. महिन्याला पूर्ण रक्कम वेळेवर देणाऱ्या घरात दोन्ही एकमेकींवर नीट बसतात, म्हणून तिथे खुणेची वही चालून जाते. पैसे तुकड्यांनी आले, महिना चुकवून आले किंवा दोन महिन्यांचे एकत्र आले की खुणेला काय म्हणायचं आहे तेच कळेनासं होतं.

उपाय आपल्याकडच्या जुन्या हिशेबनीसांना चांगला माहीत होता. पेढीवर आणि सरकारी दप्तरात दोन प्रकारच्या वह्या असत. कीर्दीत रोज जे घडलं ते तारखेच्या क्रमाने उतरवायचं, आणि खतावणीत त्यातली प्रत्येक नोंद ज्याच्या त्याच्या खात्यावर नेऊन ठेवायची. खात्याला दोन बाजू, नावे आणि जमा. देणं लागलं की नावे, पैसे आले की जमा. बाकी नावाची वेगळी नोंद कोणी करत नसे. ती दोन बाजूंच्या बेरजांच्या वजाबाकीतून निघत असे.

शिकवणीच्या वहीसाठी एवढीच रीत पुरते, पण तिच्यातला एक नियम काटेकोर पाळावा लागतो : बाकीचा आकडा हाताने लिहून तोच पुढे ओढत न्यायचा नाही. पुष्कळ सर पानाच्या कोपऱ्यात "मागील बाकी 250" असं पेन्सिलीने लिहितात, पैसे आले की खोडून नवा आकडा लिहितात. अशी खोडाखोड तीनदा झाली की मूळ 250 कुठून आले होते ते सरांनाही सांगता येत नाही. नावे आणि जमा या दोन्ही बाजू जशाच्या तशा राहिल्या तर बाकी केव्हाही पुन्हा काढता येते, अगदी पालकांसमोर बसूनसुद्धा.

चौकट : वहीत काय आखायचं

*कीर्द (सगळ्यांची मिळून एक) :* तारीख, कोणाच्या खात्यावर, रक्कम, रोख की यूपीआय, कशापोटी म्हणून दिले, कोणी आणून दिले.

*खतावणी (प्रत्येकाचं एक पान) :* डावीकडे नावे, म्हणजे महिना, फी आणि देय तारीख. उजवीकडे जमा, म्हणजे तारीख आणि रक्कम. खाली कबुलीच्या तारखा आणि कोणाशी बोलायचं त्याचं नाव.

*पालकांकडचं कार्ड :* जमा बाजूची नक्कल आणि प्रत्येक नोंदीसमोर सरांची सही.

आलेला पैसा कोणत्या महिन्याचा?

550 हा आकडा मिळाला, तरी आठवण करून देताना एक प्रश्न उरतोच. ही बाकी कोणत्या महिन्यांची? नुसतं "550 द्या" म्हटलं तर समोरच्याला ते अंगावर आल्यासारखं वाटतं. "सप्टेंबरचे इतके आणि ऑक्टोबरचे इतके" म्हटलं की त्याला पडताळून पाहता येतं.

सुरगाण्याच्या डोंगरउतारावर भाताची खाचरं एकाखाली एक असतात. पाणी वरच्या खाचरात येतं, ते भरलं की बांधावरून पुढच्यात उतरतं, ते भरलं की त्याच्या खालच्यात. आलेला पैसाही असाच सर्वांत जुन्या महिन्यात आधी ओतायचा. आपल्या उदाहरणातले 1250 रुपये वरून सोडून पाहू. जूनचे 200 भरले, उरले 1050. जुलैचे 400 भरले, उरले 650. ऑगस्टचे 400 भरले, उरले 250. हे 250 सप्टेंबरात उतरले आणि तिथेच संपले. म्हणून सप्टेंबरचे 150 अपुरे राहिले आणि ऑक्टोबरचे 400 पूर्ण कोरडे. मिळून 550.

ही रीत नुसत्या सोयीची नाही. भारतीय करार कायदा, 1872 यातली 59 ते 61 ही तीन कलमं याच प्रश्नाची आहेत. देणेकऱ्यावर अनेक वेगवेगळी देणी असतील आणि पैसे देताना त्याने "हे अमुक देण्यापोटी" असं सांगितलं असेल, तर पैसे स्वीकारणाऱ्याने ते त्याच देण्यात जमा धरले पाहिजेत. त्याने काहीच सांगितलं नसेल, परिस्थितीवरूनही कळत नसेल, तर पैसे घेणाऱ्याला आपल्या मर्जीने ते कोणत्याही देण्यात धरता येतात. आणि दोघांनीही काही ठरवलं नसेल तर पैसे काळाच्या क्रमाने, जुन्या देण्यापासून वळते होतात. इंग्लंडमध्ये 1816 साली एका बुडालेल्या बँकेच्या खटल्यात चालू खात्यासाठी हाच "आधीचं आधी" क्रम मान्य झाला होता आणि तो खटला आजही दाखला म्हणून सांगतात.

चारशे रुपयांच्या शिकवणीसाठी कोणी कोर्टात जाणार नाही, जाऊही नये. पण कायद्याने लावलेला क्रम वहीला फार उपयोगी आहे. त्यामुळेच कीर्दीत "कशापोटी" हा रकाना ठेवायचा. जुलै आणि ऑगस्टचे पैसे त्या त्या महिन्यापोटी म्हणूनच दिले असते आणि ऑक्टोबरात 500 देताना वडील म्हणाले असते, "यातले 400 या महिन्याचे धरा, 100 मागचे," तर ते तसेच धरायला हवे होते. मग ऑक्टोबर पूर्ण भरला असता, 100 रुपये जुलैत गेले असते, आणि बाकी दिसली असती ती अशी : जुलैचे 50, ऑगस्टचे 100, सप्टेंबरचे 400. बेरीज पुन्हा 550 च. पैसा कोणत्याही महिन्यात ओता, एकूण बाकी हलत नाही. बदलतं ते बाकीचं वय. पहिल्या मांडणीत सर्वांत जुनी थकबाकी सप्टेंबरची आहे, दुसरीत जुलैची. आठवण कधी करायची ते या वयावर ठरतं.

यातून एक सल्ला निघतो. पालकांनी विशेष काही सांगितलं नसेल तर जुन्यापासूनच भरा आणि ही रीत जूनमध्येच सगळ्यांना सांगून ठेवा. वेगवेगळ्या घरांना वेगवेगळा क्रम लावला की वर्षाच्या मध्यात कोणाचं काय ठरलं होतं ते आठवत नाही.

संगणकाकडून तेच काम

फोनवरच्या साध्या तक्त्यात हे भरणं एका सूत्राने होतं. एका मुलाचं एक पान घ्या. A मध्ये महिना, B मध्ये देय तारीख, C मध्ये त्या महिन्याची फी, D मध्ये बाकी. शेजारी G मध्ये जमा तारीख आणि H मध्ये जमा रक्कम. पहिली ओळ शीर्षकांची. मग D2 मध्ये लिहा आणि खाली ओढा :

```
=MAX(0,MIN(C2,SUM(C$2:C2)-SUM(H:H)))
```

सूत्र आतून वाचायचं. पहिल्या महिन्यापासून या ओळीपर्यंतची फी मोजा आणि तिच्यातून आजवरची सगळी जमा वजा करा. उत्तर शून्याखाली गेलं तर हा महिना पूर्ण भरला आहे, म्हणून शून्य दाखवा. उत्तर या महिन्याच्या फीपेक्षा मोठं आलं तर जास्तीचा भाग आधीच्या महिन्यांचा आहे, म्हणून फीएवढंच दाखवा. सप्टेंबरच्या ओळीत 1400 वजा 1250 म्हणजे 150 येतात, ऑक्टोबरात 1800 वजा 1250 म्हणजे 550, पण फी 400 असल्याने 400 दिसतात. हाताने केलं तेच.

यात नेहमी होणारी एक गडबड सांगायला हवी. उत्साहाने कोणी जूनमध्येच मार्चपर्यंतच्या सगळ्या ओळी भरून ठेवतो आणि मग जुलैतच पालकांच्या नावावर हजारोंची थकबाकी दिसू लागते. जो महिना सुरूच झाला नाही त्याची फी अजून देणं नाही. एकूण बाकीसाठी आजच्या तारखेपर्यंतच्याच ओळी मोजणारं सूत्र वापरलं की हे टळतं :

```
=SUMIFS(C:C,B:B,"<="&TODAY())-SUM(H:H)
```

हे उत्तर ऋण आलं तर ती चूक समजू नका. तेवढे पैसे आगाऊ आलेले आहेत आणि पुढचा महिना लागला की आपोआप त्यात मुरतील.

फीत बदल झाला, तर तो फक्त C रकान्यात, ज्या महिन्यापासून लागू त्या महिन्यापासून करायचा. सूट दिली, तर फीचा आकडा खोडण्याऐवजी जमा बाजूला "सूट" म्हणून तारखेसह लिहायची. पैसे हातात आले नाहीत हे कीर्दीच्या "रोख की यूपीआय" रकान्यात कळेल, आणि सूट दिली होती हे पुढच्या वर्षी धाकट्या भावाच्या वेळीही सांगता येईल.

आठवणीची तारीख कुठून येते

इथे सुरगाणा महत्त्वाचा ठरतो. पुण्यातल्या क्लासात दर महिन्याच्या पाच तारखेला सगळ्यांना एकच संदेश गेला तरी चालतं, कारण बहुतेक घरांत पगार एकाच सुमारास होतो. सुरगाणा हा गुजरातच्या सीमेवरचा डोंगराळ आदिवासी तालुका. इथे पावसाळ्यात भात, नागली आणि वरईची कामं चालतात, घरात राबणारे हात पुष्कळ असतात आणि रोकड कमी. भाताची कापणी दिवाळीच्या आसपास होते. याच सुमाराला दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीची कामं निघतात आणि तालुक्यातून मजुरांच्या टोळ्या तिकडे उतरतात. बोरगाव, हतगड या भागात ज्यांच्याकडे स्ट्रॉबेरी आहे, त्यांच्या हाती हिवाळ्यात पैसा खेळतो. आणि ज्या घरात शिक्षक, परिचारिका किंवा ग्रामसेवक आहे, तिथे महिन्याचा पगार येतो.

म्हणून देय तारीख सगळ्यांना एकच ठेवली तरी आठवणीची तारीख घरागणिक वेगळी हवी. देय तारीख कधी देणं लागलं ते सांगते. आठवणीची तारीख त्या घरात पैसा कधी असेल त्यावरून ठरते. जुलैत, लावणीच्या ऐन घाईत, भात कापल्याशिवाय ज्यांच्याकडे पैसा येत नाही अशा घराला चार वेळा संदेश पाठवून हाती काही लागत नाही, फक्त मुलीची शिकवणी बंद होण्याची शक्यता वाढते. त्याच घराला नोव्हेंबरात केलेला एक फोन पुरतो.

तारीख काढायची रीत तीन पायऱ्यांची आहे. बाकी शून्य किंवा ऋण असेल तर तारीखच नाही. पालकांनी स्वतः एखादा दिवस सांगितला असेल, तर आठवण त्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी. त्यांनी काहीच सांगितलं नसेल, तर सर्वांत जुन्या अपुऱ्या महिन्याच्या देय तारखेपासून दहा-बारा दिवस, आणि तो दिवस त्या घराच्या कोरड्या हंगामात पडत असेल तर पहिल्या पैशाच्या सुमाराला ढकलायचा. कबुलीची तारीख उलटली तर ती खोडायची नाही. खाली नवी तारीख लिहायची. एका पानावर तीन कबुल्या ओळीने दिसल्या, की या घरात काही अडचण आहे आणि प्रत्यक्ष जाऊन बोलायची वेळ झाली आहे, हे सरांना कळतं.

आठवण कोणाला करायची हाही प्रश्न आहे. आईवडील द्राक्षाच्या कामावर आणि मूल आजीकडे, असं अनेक घरांत असतं. फी देणारा माणूस एक आणि मुलाबरोबर राहणारा दुसरा. म्हणून पानावर "कोणाशी बोलायचं" ही ओळ हवी. नेटवर्क सगळ्या पाड्यांवर सारखं मिळत नाही, म्हणून व्हॉट्सॲपपेक्षा साधा एसएमएस किंवा आठवडे बाजाराच्या दिवशी झालेली भेट जास्त खात्रीची. मुलाच्या हाती निरोप मात्र देऊ नये. वर्गात सगळ्यांसमोर तर कधीच नाही. जे मूल फीसाठी ओशाळतं ते घरी निरोप सांगत नाही, ते शिकवणीलाच येत नाही.

संदेशात आकडा, महिने आणि त्यांनीच दिलेली तारीख, एवढं असलं की पुरे : "नमस्कार दादा. शिकवणीचे सप्टेंबरचे 150 आणि ऑक्टोबरचे 400, मिळून 550 रुपये बाकी आहेत. तुम्ही 20 नोव्हेंबर म्हणाला होता. काही फरक वाटला तर तुमच्याकडचं कार्ड घेऊन या, आपण मिळून पाहू."

चूक कशी सापडते

महिन्याच्या शेवटी एक पडताळणी करायची. सगळ्या मुलांच्या नावे बाजूची बेरीज, त्यातून कीर्दीतली एकूण जमा वजा. समजा 34,000 वजा 26,500, म्हणजे 7,500. आता प्रत्येक पानावरची बाकी मिळवून पाहा. तिथेही 7,500 यायला हवेत. नाही आले तर कीर्दीतली एखादी नोंद खतावणीत न्यायची राहिली आहे किंवा नेताना चुकली आहे. फरक 300 असेल, तर आधी कीर्दीत 300 ची नोंद शोधा. ती सापडली नाही तर 150 ची शोधा, कारण जमेची रक्कम नावेत गेली की फरक दुप्पट पडतो. फरकाला 9 ने भाग जात असेल, तर अंक उलटे लिहिले गेल्याचा संशय घ्या. 350 च्या जागी 530 लिहिले तर फरक 180 येतो, आणि शेजारच्या कोणत्याही दोन अंकांची अदलाबदल झाली तरी फरक 9 च्या पाढ्यातच पडतो.

ही पडताळणी एक चूक मात्र पकडत नाही. एका मुलाचे पैसे दुसऱ्याच्या पानावर गेले, तर बेरजा बिनबोभाट जुळतात. एकाच आडनावाची चार मुलं वर्गात असतात आणि रोकड कोणाचा तरी चुलता आणून देतो, तेव्हा हे सहज होतं. ते फक्त पालकांकडच्या कार्डामुळे उघडकीला येतं, म्हणून सही करून दिलेलं कार्ड वहीइतकंच महत्त्वाचं. यूपीआयने पैसे आले तर त्या व्यवहाराचा 12 अंकी क्रमांक कीर्दीत उतरवून ठेवावा. पालक पडद्याचा फोटो आज पाठवतात, उद्या दुसऱ्या फोनवरून पुन्हा पाठवतात, आणि तीच रक्कम दोनदा जमा होते. क्रमांक सारखा दिसला की दुसरी नोंद लगेच ओळखू येते. शिवाय फोटो म्हणजे पैसे नव्हेत. अडकलेल्या व्यवहाराचाही फोटो निघतो. जमा लिहायची ती स्वतःच्या खात्यात रक्कम दिसल्यावरच.

दोन भावंडं एकाच शिकवणीत असतील तर दोन पानांऐवजी घराचं एकच पान ठेवलेलं बरं. वडील 700 रुपये देतात ते दोघांचे मिळून. त्यातले किती कोणाचे हे ते ठरवत नाहीत, मग सरांनी तरी का ठरवावं? नावे बाजूला दोन्ही मुलांची फी दोन ओळींत लिहायची, जमा एकत्र.

वर्ष संपताना

दहावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते आणि परीक्षा सुरू झाली की शिकवणी आपोआप थांबते. रोज येणारं मूल येणं बंद झालं की जुनी बाकी वसूल होणं फार अवघड. म्हणजे दिवाळीनंतर घरात पैसा येण्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचे दोन-अडीच महिने, हाच सुरगाण्यातल्या सरांचा वसुलीचा खरा काळ. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सगळी पानं चाळून, ज्यांची सर्वांत जुनी बाकी सप्टेंबरच्या आधीची आहे अशी घरं वेगळी काढावीत आणि त्यांच्याशी एकेक करून बोलावं. जमत असेल त्यांना दोन हप्ते बांधून द्यावेत आणि हप्त्यांच्या तारखा कबुलीच्या जागी लिहाव्यात. ज्यांना खरोखर जमणार नाही त्यांची रक्कम सरांनी आपणहून सूट म्हणून जमेत लिहावी आणि पान शून्यावर आणून बंद करावं. धाकटं भावंड पुढच्या जूनमध्ये येणार असेल, तर उरलेली बाकी नव्या पानाच्या पहिल्या ओळीत "मागील वर्षाची" म्हणून नावे टाकावी, आणि तिच्यासमोर जुन्या वहीच्या पानाचा क्रमांक लिहावा.